दाढ शाबूत, तरी वेदना

जबड्याच्या एका बाजूला कळ आली की आपल्या घरांमध्ये तिचे निदान दाढेपासून सुरू होते आणि बहुधा दाढेपाशीच संपते. लवंगेच्या तेलाचा बोळा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दुकानाच्या गल्ल्यातली वेदनाशामक गोळी, आणि मग दंतवैद्य. बहुतेक वेळा दोष दाढेचाच निघतो, त्यामुळे ही रीत चुकीची म्हणता येत नाही. मी बोनकोडे येथे दंतवैद्यकीय व्यवसाय करते. येणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांना कीड, हिरड्यांची सूज किंवा तडकलेली दाढ सापडते आणि ते बरे होऊन जातात. हा लेख उरलेल्या एका माणसासाठी आहे. त्याच्या दाढा निरोगी दिसतात, क्ष-किरण चित्र स्वच्छ असते, आणि तरीही तो गालावर हात ठेवून बसलेला असतो.

माझे काकासासरे वाशीच्या दाणा बाजारात धान्याचा व्यापार करतात. वय चौसष्ट. गेल्या वर्षी माघ महिन्यात त्यांच्या उजव्या खालच्या जबड्यात कळा येऊ लागल्या. बाजाराजवळच्या एका दवाखान्यात मागच्या दाढेची रूट कॅनाल झाली. कळ थांबली नाही म्हणून तीच दाढ काढली गेली. त्यानंतर सुमारे सहा आठवडे बरे गेले आणि मग तीच कळ शेजारच्या दाढेत येऊन बसली. ते माझ्याकडे आले तेव्हा एकच मागणे घेऊन आले, “सूनबाई, ही पण काढून टाक. एकदाचा हिशोब मिटू दे.”

मी दाढेवर उपकरणाच्या दांड्याने हलके ठोकून पाहिले, दुखले नाही. बर्फासारख्या थंड केलेल्या कापसाचा बोळा लावला. गारवा नेहमीसारखा जाणवला आणि बोळा काढताच गेला. आजारी मज्जेच्या दाढेत हा गारवा कळ होऊन रेंगाळतो. लाकडी काडी एकेका उंचवट्यावर चावायला दिली, कारण तडकलेली दाढ क्ष-किरणात दिसत नाही, पण चावून सोडताना नेमकी ठणकते. तीही ठणकली नाही. हिरडी घट्ट होती आणि मुळाशी सूज नव्हती. दाढ निर्दोष होती.

अशा वेळी एक चाचणी फसवी ठरते आणि ती सांगितलीच पाहिजे. दाढेभोवती भूल दिली की कळ थांबते, म्हणून ‘दोष इथलाच’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु मज्जातंतूच्या या दुखण्यातही, जिथून कळ सुरू होते ती जागा बधिर झाली की कळ तात्पुरती थांबते. दाढ काढल्यानंतरच्या सहा आठवड्यांच्या आरामाचेही तसेच. हे दुखणे आपोआप काही आठवडे, कधी महिनोन्‌महिने निजते. त्या काळात जो उपचार झाला असेल त्याला श्रेय मिळते.

काकाजींना मी दाढेऐवजी वही मागितली. व्यापारी माणसाला रोजमेळ लिहिण्यास शिकवावे लागत नाही. कळ कधी आली, किती वेळ टिकली, त्या क्षणी काय चालले होते, एवढे तीन रकाने. आठ दिवसांनी त्यांनी वही आणली. दाढी करताना, वीस मोजेपर्यंत. चूळ भरताना, दहा मोजेपर्यंत. लोकलच्या दारातला वारा गालाला लागला तेव्हा. सामायिकात मुहपत्तीची कड ओठाच्या उजव्या कोपऱ्याला घासली तेव्हा, सलग तीन वेळा. गुंतवळ सुटावी तसे सगळे चित्र त्या नोंदींत उलगडले. कळ विजेच्या झटक्यासारखी, काही सेकंदांची. दोन मिनिटांपलीकडे एकही नाही. दोन कळांच्या मध्ये वेदनेचा मागमूस नाही. झोपेतून कळेने उठवल्याची एकही नोंद नाही. आणि प्रत्येक वेळी कारण नगण्य, वाऱ्याइतके किंवा वस्त्राच्या कडेइतके. सडलेली दाढ अशी वागत नाही. ती तासन्‌तास ठणकते, रात्री अधिक छळते, आणि मुहपत्तीच्या स्पर्शाशी तिचे काही देणेघेणे नसते.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला संवेदना वाहणारा एकेक मोठा मज्जातंतू असतो. त्याच्या तीन शाखा कपाळ, वरचा जबडा आणि खालचा जबडा अशा विभागलेल्या असतात. या मज्जातंतूच्या तीव्र कळांना ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. पुष्कळ रुग्णांत मेंदूतून बाहेर पडतानाच्या मुळाशी एक लहान धमनी त्याला टेकलेली असते. ठोके घेत घेत ती वर्षानुवर्षे त्याचे आवरण झिजवते, आणि विजेच्या तारेचे वेष्टन झिजल्यावर ठिणगी उडावी तसा स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तारेत उडी मारतो. दाढांची संवेदना खालच्या दोन शाखांतूनच जात असल्यामुळे कळ दाढेतच आल्यासारखी वाटते. रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याला ती खरोखर तिथेच जाणवते. अभिनेते सलमान खान यांनी २०११ मध्ये आपल्याला हेच दुखणे असल्याचे जाहीरपणे सांगितले होते, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

मज्जातंतूंच्या तज्ज्ञांनी काकाजींच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची संवेदना, डोळ्याची पापणी मिटण्याची प्रतिक्रिया आणि ऐकू येणे तपासले. मग एमआरआय करविला. हे चित्र प्रत्येक रुग्णाने काढावे, कारण थोड्या लोकांत मुळाशी धमनीऐवजी गाठ असते किंवा मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार असतो. वय चाळिशीच्या आत असेल, गाल बधिर झाला असेल, त्याच बाजूचे ऐकू कमी येत असेल किंवा कळा दोन्ही बाजूंना असतील, तर ही शंका अधिक गंभीरपणे घ्यावी लागते. काकाजींच्या चित्रात धमनीचे वळण मज्जातंतूला टेकलेले दिसले. दुसरे काही नव्हते.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या कळेवर उपयोग होत नाही. मूळचे अपस्माराचे कार्बामाझेपिन हे औषध येथे चालते. त्यांना ते १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून काही आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ २०० मिलिग्रॅमपर्यंत नेले. चौथ्या दिवसापासून वहीतील नोंदी विरळ झाल्या. सुरुवातीला गुंगी आणि चालताना तोल जाणे हे होतेच, म्हणून त्या काळात त्यांना मालाच्या गोदामातील शिडी चढू दिली नाही. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे असते. क्वचित होणारी ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. आशियाई वंशाच्या काही लोकांत तिचा संबंध एका विशिष्ट जनुकाशी आहे, म्हणून काही तज्ज्ञ आधी त्याची रक्तचाचणी करवून घेतात. याशिवाय वयस्कर माणसात हे औषध रक्तातील सोडियम उतरवते, त्यामुळे ठरावीक अंतराने ते तपासावे लागते.

आपल्या घरांतला खरा पेच पुढे आला. काकाजींचा चौविहार कित्येक वर्षांचा, नवकारशी नित्याची. पावसाळ्यात सूर्यास्ताआधीची गोळी आणि नवकारशीनंतरची गोळी यांत सुमारे बारा तासांचे अंतर पडते, म्हणजे नियम आणि औषध यांचे सहज जमते. हिवाळ्यात मात्र संध्याकाळी सहाच्या आधी घेतलेल्या गोळीनंतर दुसरी गोळी सकाळी आठच्या सुमारास, चौदा तासांनी. त्या पहाटेच्या पोकळीत कळा परत आल्या. तज्ज्ञांनी हळूहळू विरघळणारी गोळी लिहून दिली आणि पहाट शांत झाली. पर्युषणात अठ्ठाई करण्याची त्यांची इच्छा होती. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस काढणे या औषधाबरोबर धोक्याचे असते, कारण अन्नातून मीठ न येता पाणीच पोटात गेले की सोडियम आणखी खाली जाते. आणि गोळी एकाएकी बंद केली तर कळा दुप्पट जोराने उसळू शकतात. महाराजसाहेबांना सर्व परिस्थिती निवेदन केली. त्यांनी बियासणे सुचवले, म्हणजे दोन बैठका आणि दोन गोळ्या. काकाजींनी आठ बियासणे शांतपणे पूर्ण केली. गॅबापेंटिन, प्रिगॅबॅलिन ही पर्यायी औषधे पुष्कळदा जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये येतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी लिहून घेतानाच गोळीच्या रूपात मिळेल का, हे विचारावे.

औषधाला मर्यादा आहे. काही वर्षांनी मात्रा वाढवावी लागते आणि कधी ती सोसवत नाही. तेव्हा कानामागे लहान छिद्र करून धमनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बारीक तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. मूळ कारणावर थेट इलाज करणारी ही पद्धत आहे, पण ती कवटी उघडून होते आणि भूल सोसेल अशी प्रकृती लागते. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी सुईने मज्जातंतू उष्णतेने मंद करणे किंवा गॅमा नाईफची किरणे हे मार्ग आहेत; त्यांत गाल थोडा बधिर होण्याची शक्यता असते, आणि कळ वर्षांनी परतू शकते. काकाजींना तूर्त गोळीच पुरते.

याच वर्षी माझ्या धाकट्या जाऊबाईंनाही डाव्या जबड्यात दुखू लागले आणि घरात सगळ्यांनी काकाजींचेच दुखणे गृहीत धरले. पण त्यांचे दुखणे बोथट होते, कानाच्या पुढच्या भागात, आणि तासन्‌तास टिकणारे. सकाळी उठल्यावर अधिक, खाकरा किंवा भाजलेले चणे चावल्यावर अधिक. तोंड उघडताना ‘टक्’ असा आवाज होई, आणि त्यांची स्वतःची तीन बोटे उभी मावायला हवीत तिथे दोनच मावत. गालाचा स्नायू दाबला की त्या कळवळत. हे जबड्याच्या सांध्याचे आणि चावण्याच्या स्नायूंचे दुखणे होय. झोपेत दात आवळणे, जेवणानंतर तासभर सुपारी चघळणे, फोन खांदा आणि हनुवटी यांत धरून ऑर्डरी लिहिणे हे सारे त्यात भर घालते. महिनाभर मऊ आहार, सुपारी बंद, दिवसातून तीनदा पंधरा मिनिटे ओल्या गरम कपड्याचा शेक, आणि रात्री दातांवर बसवायची पट्टी, एवढ्यावर त्यांचे भागले. सुपारी खाणाऱ्याचे तोंड न दुखता हळूहळू कमी उघडू लागले आणि आत तिखट झोंबू लागले, तर तो वेगळा आणि चिंतेचा रोग आहे. त्याला सांध्याचे दुखणे समजून शेकत बसू नये.

दोन दुखणी मात्र वही लिहिण्याइतका वेळ देत नाहीत. वय पन्नाशीच्या पुढे असेल, चार घास चावताच जबडा थकून दुखू लागत असेल, कानशील हुळहुळे झाले असेल किंवा नजर क्षणभर अंधारली असेल, तर कानशिलाच्या धमनीला सूज आलेली असू शकते. उपचार त्याच दिवशी सुरू झाले नाहीत तर दृष्टी कायमची जाऊ शकते. आणि जिना चढताना किंवा पोते उचलताना खालचा जबडा आवळल्यासारखा दुखतो, विश्रांती घेतली की उतरतो, अशा माणसाने दंतवैद्याकडे न येता आधी हृदयाचा आलेख काढावा. बसल्या जागी तसेच दुखून घाम येऊ लागला तर थेट रुग्णालय गाठावे.