फुली, गोळा आणि आडवी रेघ

माझ्या कपाटात एक जुना, घडी घातलेला कागद आहे. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धेत मुलींच्या उंच उडीच्या नोंदी मी त्यावर घेतल्या होत्या. तेव्हा मला नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही उंच उडीला बसा," असं म्हणून माझ्या हातात पॅड दिलं गेलं. डी.एड.ला शारीरिक शिक्षण होतं, पण उंच उडीचा तक्ता कसा वाचायचा हे काही मला कोणी शिकवलं नव्हतं. उडी जमली की गोळा, दांडी पडली की फुली आणि मुलीने ती उंची सोडून दिली तर आडवी रेघ, एवढंच मला माहीत होतं.

शेवटी दोन मुली उरल्या. एक जवळच्या वाडीवरच्या शाळेची, दुसरी आमच्याच शाळेची. दोघींनी 115 सेंटीमीटर पार केलं आणि 120 ला दोघींच्याही तीन फुल्या झाल्या. आता पहिला नंबर कोणाचा? तालुक्याला तर एकच जाणार. जेवणाची वेळ झाली होती, बाकीचे शिक्षक खो-खोच्या मैदानावर होते. मी दोन चिठ्ठ्या केल्या आणि एका लहान मुलाला उचलायला लावल्या. चिठ्ठी आमच्या शाळेच्या मुलीची निघाली. आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वाडीवरची मुलगी काहीच बोलली नाही, चपला घालून तिच्या सरांजवळ जाऊन उभी राहिली.

मी चूक केली होती हे मला ऑगस्ट 2022 मध्ये कळलं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या तेजस्विन शंकरने उंच उडीत कांस्यपदक मिळवलं होतं. बातमी वाचताना एक गोष्ट खटकली. तेजस्विनची उडी 2.22 मीटर. बहामाजच्या डोनाल्ड थॉमसची आणि इंग्लंडच्या जोएल क्लार्क-खानचीही 2.22 मीटरच. मग तिघांना कांस्य का नाही? एकट्या तेजस्विनलाच कसं? तिथे चिठ्ठ्या तर नक्कीच टाकल्या नसणार!

उत्तर तक्त्यात होतं. तेजस्विनने 2.10, 2.15, 2.19 आणि 2.22 या चारही उंची पहिल्याच प्रयत्नात पार केल्या होत्या. त्याच्या नावापुढे 2.22 पर्यंत नुसते गोळे होते, एकही फुली नव्हती. बाकी दोघांच्या खात्यात फुल्या होत्या. उंची सारखी झाली की फुल्या मोजतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मग मी कपाटातून तो कागद काढला.

आता हा नियम नीट सांगते, कारण आमच्या वर्गातल्या मुलांनाही तो समजायला थोडा वेळ लागला. प्रत्येक उंचीला तीन प्रयत्न मिळतात. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की खेळ संपला. शेवटी ज्याने सर्वात जास्त उंची पार केली तो पहिला. उंची सारखी असेल तर दोन पायऱ्या. पहिली पायरी: पार केलेल्या त्या शेवटच्या उंचीवर कोणाच्या फुल्या कमी? तो पुढे. तिथेही बरोबरी असेल तर दुसरी पायरी: सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंत एकूण फुल्या कोणाच्या कमी? तो पुढे. शेवटी जी उंची पार झालीच नाही, तिथल्या फुल्या मोजायच्या नाहीत.

माझा कागद असा होता. वाडीवरच्या मुलीने 100, 105 आणि 110 सेंटीमीटर पहिल्याच उडीत पार केलं. 115 ला एक फुली, मग गोळा. आमच्या मुलीने 100 पहिल्या उडीत, 105 ला दोन फुल्या आणि मग गोळा, 110 पहिल्या उडीत, 115 ला एक फुली आणि मग गोळा. 

पहिली पायरी लावून बघा. 115 वर दोघींची एकेक फुली, म्हणजे बरोबरी. दुसरी पायरी लावा. वाडीवरच्या मुलीची एकूण फुली एक, आमच्या मुलीच्या तीन. 120 च्या फुल्या सोडून द्या. पहिला नंबर वाडीवरच्या मुलीचा होता. तो कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता, मला फक्त वाचता आला नाही.

वर्गात मी हाच तक्ता फळ्यावर काढते. (नावं लिहीत नाही.) एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, आपल्या ताईने 115 पहिल्याच उडीत मारलं असतं तर?" मग आपली ताई पहिली आली असती, आधीच्या दोन फुल्या असूनसुद्धा! कारण पहिल्या पायरीवरच निकाल लागला असता, दुसरीपर्यंत जायची गरजच नव्हती. पायऱ्यांचा क्रम बदलला की निकाल बदलतो. म्हणून मी मुलांना सगळ्या फुल्या एकदम मोजू देत नाही.

आता आडवी रेघ. टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला हीच सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. खेळाडू एखादी उंची न मारताच सोडून देऊ शकतो. एक-दोन फुल्या झाल्यावरही सोडू शकतो. पण फुल्या पुसल्या जात नाहीत, त्या पुढच्या उंचीवर त्याच्याबरोबर जातात. तेजस्विनचंच बघा. 2.25 ला त्याच्या दोन फुल्या झाल्या. तिसरी उडी त्याने तिथे मारलीच नाही. न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि ऑस्ट्रेलियाचा ब्रँडन स्टार्क यांनी 2.25 पार केलं होतं. त्यांना मागे टाकायचं तर आणखी वर जायला हवं. म्हणून त्याने उरलेला एकच प्रयत्न 2.28 वर लावला. ती उडी चुकली, तीन फुल्या झाल्या आणि तो 2.22 वर थांबला. बघणाऱ्याला वाटतं, "अरे, 2.28 ला एकच संधी का दिली?" एकच दिली नाही. दोन त्याने आधीच वापरल्या होत्या.

हा डाव केवढा महाग पडू शकतो याचं उदाहरण बांबू उडीत आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये विश्वविक्रमवीर आणि आधीच्या सोल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता सर्गेई बुबका उतरला. त्याच्यासारखे मोठे खेळाडू ताकद वाचवायला खालच्या उंची सोडूनच देतात. त्याने 5.70 मीटरपासून सुरुवात केली आणि दोन फुल्या झाल्या. तिसरा प्रयत्न त्याने 5.75 साठी राखला. तीही फुली. लागोपाठ तीन फुल्या! एकही गोळा नाही, म्हणजे त्याच्या नावापुढे उंचीच नाही. नंबरही नाही.

मुलांना दांडीबद्दलही खूप प्रश्न असतात. "मॅडम, त्याचा पाय लागला, दांडी हलली, तरी पांढरा झेंडा कसा?" दांडीला अंग लागलं तरी चालतं, ती हलली, थरथरली तरी चालतं. ती खाली पडता कामा नये. दांडी बांधलेली नसते, दोन खांबांच्या छोट्या सपाट टेकूंवर नुसती ठेवलेली असते. म्हणून उडीनंतर लगेच निकाल समजू नका, दांडी स्थिर होईपर्यंत थांबा. पंचाने पांढरा झेंडा वर केला की गोळा, लाल केला की फुली. उंच उडीत आणखी एक बघायचं: उडी एकाच पायावरून घ्यावी लागते. दोन्ही पायांवरून घेतली तर दांडी जागेवर राहूनही फुली. आमच्या मैदानावर अशा फुल्या खूप पडतात, कारण लहान मुलं दांडीजवळ येऊन थबकतात आणि दोन्ही पाय जोडून उडी घेतात. बांबू उडीत बांबूने दांडी पाडली तरी फुलीच. पण उडी मारताना बांबूच मोडला तर ती खेळाडूची चूक धरत नाहीत, त्याला परत उडी मिळते.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी आम्ही शाळेच्या टीव्हीवर बांबू उडीच्या अंतिम फेरीचं रेकॉर्डिंग लावलं. काही मुलांच्या आयाही आल्या होत्या. स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसने 6 मीटर पार केलं तिथेच त्याचं सुवर्ण ठरलं. मग 6.10 केलं. पुढे दांडी एकदम 6.25 वर गेली. एक आई म्हणाली, "जिंकला ना तो? मग अजून कशाला उड्या मारतोय?" जिंकल्यावर एकटा उरलेला खेळाडू पुढची उंची स्वतः ठरवतो, आणि तीन फुल्या होईपर्यंत खेळू शकतो. त्याचाच विश्वविक्रम 6.24 होता, म्हणून त्याने 6.25 मागितलं. दोन फुल्या झाल्या. तिसऱ्या उडीत पार! फुल्या बरोबरी सोडवायला लागतात. इथे बरोबरी कोणाशी नव्हती, म्हणून दोन फुल्यांनी काही बिघडलं नाही.

आणि दोन्ही पायऱ्या चढूनही बरोबरी राहिली तर? टोकियोत 2021 मध्ये तसंच झालं. कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को तांबेरी, दोघांच्याही 2.37 पर्यंत एकही फुली नाही, 2.39 ला दोघांच्याही तीन. पहिल्या नंबरासाठी अशी बरोबरी झाली तर जादा उड्या मारतात, पण दोघांनी नको म्हटलं तर सुवर्ण वाटून घेता येतं. त्यांनी वाटून घेतलं. पॅरिसमध्ये हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकईवन 2.36 वर अडले, पण त्यांनी जादा उड्या निवडल्या. यात प्रत्येक उंचीला एकच उडी असते. दोघेही चुकले की दांडी दोन सेंटीमीटर खाली, दोघांनाही जमलं की दोन वर. दांडी उतरत उतरत 2.34 वर आली, तिथे मॅकईवन चुकला आणि केरला जमलं.

म्हणजे जिथे खरोखर काहीच फरक उरत नाही, तिथेसुद्धा चिठ्ठी नाही. माझ्या दोन मुलींमध्ये तर दोन फुल्यांचा स्पष्ट फरक होता.

कागद सापडला त्या आठवड्यात मी वाडीवरच्या शाळेत फोन केला. ती मुलगी केव्हाच आठवीला बाहेरगावी गेली होती. सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, आम्हाला तरी कुठं माहीत होतं." तरी मी तिच्या घरचा नंबर घेतला. फोन तिच्या आईने उचलला. मी माझी चूक सांगितली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ती घरी येऊन म्हणाली होती बाई, की मी कमी चुकले होते."

सातवीतल्या मुलीला जे कळलं होतं, ते पॅड हातात असून मला कळलं नव्हतं. आता केंद्राच्या स्पर्धेत उंच उडीला मी स्वतःहून बसते. पॅडला दोन पायऱ्यांचा कागद चिकटवलेला असतो. निकाल सांगण्याआधी दोन्ही मुलींना जवळ बोलावते आणि त्यांच्या फुल्या त्यांनाच मोजायला लावते.