काकांनी माझा डबा मोडला

आवाजाच्या धंद्यात मला पहिलं काम ज्यांनी दिलं, त्यांचं ऋण मी केव्हाच चुकतं केलं. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कमी पैशात वाचलं, हिशेब मिटला. शेजारच्या विंगेतल्या काकांचं ऋण मात्र तसं मिटणारं नाही. रेकॉर्डिस्ट म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. माझ्याशी त्यांचा संबंध जिन्यात ‘कसं काय’ म्हणण्यापुरता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, स्टुडिओंना कुलपं पडली आणि हातात अर्धवट वाचलेली कादंबरी राहिली, तेव्हा त्यांनी मला घरात आवाज कसा बसवायचा ते शिकवलं. तेही फोनवरून, कारण त्या दिवसांत कुणी कुणाच्या घरी जात नव्हतं.

त्याआधी माझ्या भाच्यानं मला एक पेटी करून दिली होती. अशी पेटी सगळेच करतात, त्यात पोराचा काही दोष नव्हता. प्लायवूडची, पुढून उघडी, प्रत्येक बाजू साधारण ४५ सेंटिमीटर. आतून इंचभर जाडीचा फोम चिकटवलेला. पेटी टेबलावर ठेवायची, आत माइक ठेवायचा आणि उघड्या तोंडासमोर बसून वाचायचं. बाहेरच्या खोलीतला घुमारा खरोखरच कमी झाला होता. तरीही प्रकाशनाच्या संपादकांचा निरोप आला, की आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतोय. मी म्हटलं, फोम कमी पडत असेल. आणखी कुठे मिळेल म्हणून काकांना फोन केला.

‘फोमचं नंतर बघू. आधी आवाज पाठव,’ ते म्हणाले. ‘आणि व्हॉट्सॲपवर नको, तिथे तो दाबला जातो. ईमेलनं वेव्ह फाइल पाठव.’

दोन पानांचं वाचन पाठवलं. त्यांना ते नको होतं. त्यांना हवा होता नुसता ‘आ’, खालच्या स्वरापासून वरपर्यंत, न तोडता, हळूहळू ओढलेला. एकदा पेटीसमोर आणि एकदा तोच माइक हातात धरून खोलीच्या मधोमध. लहानपणी चार वर्षं गाणं शिकले होते, तेवढं पुरलं. स्वतः ऐकलं तेव्हाच कळलं. खोलीत ‘आ’ सरळ चढत होता. पेटीसमोर मात्र एका ठिकाणी तो अचानक फुगायचा, जणू मी हंड्यात तोंड घालून गातेय, आणि पुढे गेलं की पुन्हा बसायचा. वर आणखी एका जागी तसंच. बाकी सगळीकडे आवाज निर्जीव.

काकांनी कागद-पेन्सिल घ्यायला लावलं. फोम लावल्यावर पेटीची आतली खोली उरते साधारण ४० सेंटिमीटर. एका बाजूनं बंद आणि दुसऱ्या बाजूनं उघड्या पोकळीत जी लाट सगळ्यात जोरात घुमते, तिची लांबी त्या खोलीच्या चौपट असते, म्हणजे १६० सेंटिमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. भागाकार केला की येतं २१५ हर्ट्झ. प्रत्यक्षात उघड्या तोंडामुळे थोडं खालीच. आता डावी-उजवी भिंत. तिथे दोन्ही बाजू बंद, म्हणून लाट रुंदीच्या दुप्पट, ८० सेंटिमीटर. तिचे होतात ४३० हर्ट्झ. वर-खालीही तेच माप, म्हणून पुन्हा ४३०. सगळ्या बाजू सारख्या असल्या की घुमणारे स्वर एकाच जागी येऊन बसतात.

‘तुझा बोलण्याचा पायाचा स्वर कुठे आहे?’ त्यांनी विचारलं. मोजला तर दोनशेच्या थोडा वर. म्हणजे पेटी माझा पायाचा स्वर फुगवत होती आणि त्याच्या दुपटीचा, लगेच वरचा स्वरही. वाचताना आवाज थोडा खाली-वर व्हायचा, तसा फुगवटा यायचा-जायचा. संपादकांच्या कानाला तो डबा वाटत होता, ते बरोबरच होतं.

मग फोम करत काय होता? काकांनी यावर बराच वेळ घेतला, आणि मला ते आवडलं. फोम किंवा कापड आवाज खातं ते हवा त्याच्यातून घासून जाते म्हणून. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, तिथे घासायला काही नसतं. हवा सगळ्यात जास्त हलते ती भिंतीपासून लाटेच्या पाव लांबीवर. ५००० हर्ट्झची लाट सात सेंटिमीटरची, तिचा पाव पावणेदोन सेंटिमीटर, म्हणजे इंचभर फोमच्या पोटातच. ती खाल्ली जाते. ४३० हर्ट्झची लाट ८० सेंटिमीटरची, तिचा पाव २० सेंटिमीटर. इंचभर फोमला तिचा पत्ताही लागत नाही. परिणाम असा, की ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते आणि मधला घुमारा जसाच्या तसा राहतो. धार गेल्यामुळे तो उलट जास्त ऐकू येतो. तसलाच फोम आणखी चिकटवला असता तर डबा आणखी डबा झाला असता.

‘मग इक्वलायझरवर ४३० खाली ओढू?’ मी विचारलं.

‘दोनतीन डेसिबल ओढ, हवं तर. पण तो घुमारा अक्षर संपल्यावरही रेंगाळतो, ते तुझी बटणं काढणार नाहीत. आणि मान चार बोटं हलली की सगळं बदलतं. मोड तो डबा.’

भाच्याला न सांगता मी पेटी मोडली. पुढचं सगळं स्वस्तातलं होतं. पाऊण इंची पीव्हीसी पाइप प्लंबरच्या दुकानातून, ते उघडलं तेव्हा आणला. सहा फुटांचे चार उभे खांब, वर चार फुटांच्या आडव्या, कोपऱ्यांना जोड आणि खाली पाय. सोल्यूशन लावायचं नाही, नुसतं दाबून बसवायचं, म्हणजे सुटं करून कपाटामागे ठेवता येतं. आता यावर काय टांगायचं?

इथे दुसरं ऋण. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांच्या थरांवर थर घालून शिवलेल्या दोन गोधड्या घरात होत्या, ओल्या झाल्या की एकटीला उचलवत नाहीत अशा. आणि गावाकडून आलेली एक घोंगडी. काकांची परीक्षा सोपी होती. कापड तोंडाला लावून फुंकर मार. आरपार अजिबात जात नसेल तर ते आवाज परत फेकतं, सहज जात असेल तर काहीच करत नाही. जोर लावावा लागतो पण जाते, ते कामाचं. गोधडी या परीक्षेत उत्तम उतरली. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंग फोम साफ नापास, गादीचा फोम पास. अंड्यांचे ट्रे मी विचारले तेव्हा ते नुसतेच हसले.

सासूबाई घरातच होत्या. त्यांची अट एकच, गोधडीला भोक पडता कामा नये. म्हणून सुतारकामाचे स्प्रिंगचे मोठे चिमटे वापरले. गोधडी ताणायची नाही, चुण्या पडतील अशी सोडायची, आणि भिंतीपासून निदान वीतभर लांब. कारण तेच, पाव लांबीचं. वीतभर अंतरामुळे तीच गोधडी चारशेच्या आसपासही काम करू लागते. भिंतीला टेकवली तर तिचा अर्धा उपयोग गेला.

पण खरी शिकवण गोधडी कुठे टांगायची ही होती. सगळे माइकच्या मागे टांगतात, पेटीही तिथेच असते. काकांनी विचारलं, ‘तुझा माइक ऐकतो कुठून?’ माझा कार्डिऑइड. समोरून ऐकतो, मागून जवळजवळ बहिरा. समोर मी आहे, आणि माझ्या पाठीमागे उघडी भिंत. माझा आवाज खोलीत फिरून त्या भिंतीवरून परत येतो तो थेट माइकच्या तोंडात. म्हणजे बहिऱ्या बाजूला फोम आणि ऐकत्या बाजूला नागडी भिंत, असा उलटा कारभार. त्यांनी गोधड्या माझ्या पाठीमागे आणि खांद्याच्या मागच्या बाजूंना लावायला सांगितल्या, घोंगडी डोक्यावर छतासारखी, आणि माइकच्या मागची बाजू खोलीकडे मोकळी सोडली. गोधड्या आवाज परत फेकत नाहीत, त्यामुळे डबा तयारच होत नाही. शिवाय बरोबर मधोमध बसायचं नाही, थोडं एका बाजूला सरकायचं, म्हणजे दोन्हीकडून परत येणारा आवाज एकाच क्षणी पोचत नाही.

पुन्हा ‘आ’ ओढून पाठवला. फुगवटा गेला होता, पण काका समाधानी नव्हते. ‘चारशेला आता खड्डा आहे. पुढ्यात काय आहे?’ पुढ्यात टेबल होतं. तोंड आणि माइक दोन्ही टेबलापासून फूटभर वर, एकमेकांपासून वीतभर. टेबलावर आपटून येणारा आवाज सरळ येणाऱ्यापेक्षा चाळीसेक सेंटिमीटर जास्त चालतो. चारशेच्या आसपास ते अंतर बरोबर अर्ध्या लाटेचं, म्हणून दोन्ही एकमेकांना खोडतात आणि आठशेजवळ एकमेकांना उचलतात. हाही एक पोकळपणाच, फक्त पेटीविना. फाइल ऐकून, न बघता, त्यांनी टेबल ओळखलं. टेबल काढलं, माइक स्टँडवर घेतला, मजकुराचा टॅब्लेट एका बाजूला तिरका ठेवला. मग त्यांचा नुसता ‘हं’ आला.

या सगळ्यानं कुकरची शिट्टी थांबत नाही, हे सांगून टाकते. गोधडी आतला आवाज शोषते, बाहेरचा अडवत नाही. अडवायला वजनदार भिंत लागते. म्हणून मी पहाटे वाचायचे, पंखा बंद करून. मे महिन्यात घोंगडीखाली एका दमात फार तर दहा पानं होतात, मग पाणी पिऊन कोरडं व्हायचं आणि पुन्हा बसायचं.

कादंबरी त्याच उन्हाळ्यात पूर्ण झाली आणि संपादकांनी पुन्हा डब्याचं नाव काढलं नाही. काकांना पैसे विचारायची सोय नव्हती. सासूबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या, दारात ठेवून बेल वाजवून परत यायचं अशा त्या दिवसांच्या पद्धतीनं. काकांचा फोन आला, तो पोळ्यांबद्दल नव्हता. तिसऱ्या प्रकरणात एका जागी माझी खुर्ची करकरली होती, ते सांगायला होता.

आता नवी मुलं मला विचारतात, ताई, कुठला फोम घेऊ? त्यांना मी जे सांगते तेच इथे सांगते. आधी ‘आ’ ओढून रेकॉर्ड करा आणि कुठे फुगतो ते ऐका. मग घरातली सगळ्यात जड गोधडी पाठीमागे, भिंतीपासून वीतभर सोडून टांगा, पुढ्यातलं टेबल काढा आणि पुन्हा ऐका. एवढं करून काही उरलं, तरच फोमच्या दुकानात जा.