वादातले पैसे

माझे मामू औरंगाबादेत हिमरूचे कापड विकतात. गेली काही वर्षे दुकानाचा निम्मा धंदा वेबसाइटवरून होतो आणि त्याच्या वह्या मी लिहितो. फेब्रुवारीत त्यांना एक ईमेल आला: बेंगळुरूच्या ग्राहकाने 6,300 रुपयांच्या कार्ड पेमेंटवर हरकत घेतली आहे, सात दिवसांत उत्तर द्या. यालाच चार्जबॅक म्हणतात. ग्राहक दुकानदाराकडे न येता थेट आपल्या बँकेकडे जातो. बँक ती रक्कम कार्ड कंपनीमार्फत मागते आणि पेमेंट गेटवे ती आपल्या खात्यातून कापून घेतो, बहुतेक वेळा निकाल लागण्याआधीच.

मामूंचा पहिला विचार होता, "जाऊ दे, परत करून टाकू. भांडण नको." मी त्यांना थांबवले. चार्जबॅक उघडल्यावर वेगळा रिफंड दिला, तर पैसे दोनदा जाण्याची भीती असते: एकदा गेटवेने कापलेले आणि एकदा आपण पाठवलेले. ग्राहकाचे म्हणणे खरे असेल, तर चार्जबॅकच मान्य करावा.

त्यांचा दुसरा विचार होता, "ओटीपी त्यानेच टाकला ना? तोच पुरावा पाठव." इथेच बरेच दुकानदार हरतात. नोटिशीत कारणाचा क्रमांक असतो. आमच्या नोटिशीत व्हिसाचा 13.1 होता, म्हणजे "माल मिळाला नाही". "हा व्यवहार मी केलाच नाही" अशी तक्रार असती, तर ओटीपीला वजन होते. पण पैसे दिल्याचे ग्राहक नाकारतच नव्हता. तक्रार मालाची होती, म्हणून पुरावाही माल पोचल्याचाच हवा होता.

कुरियरच्या पानावर "डिलिव्हर्ड" होते, पण पोचपावतीवर सही सोसायटीच्या वॉचमनची. एवढ्यावर भागले नसते. मामूंचा व्हॉट्सअॅप चाळताना डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशीचा त्याच ग्राहकाचा मेसेज सापडला: कापड घरी धुवायचे की ड्रायक्लीनला द्यायचे? कापड हातात आल्याचे तो स्वतःच सांगत होता.

मग एकच पीडीएफ केली. पहिल्या पानावर पाच ओळी: ऑर्डर कधी आली, कधी पाठवली, कधी पोचली, ग्राहकाने काय लिहिले, जोडपत्र कोणते. मागे बिल, कुरियरची पोचपावती आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, ज्यात ऑर्डरवरचाच मोबाइल नंबर आणि तारीख दिसते. ग्राहकाबद्दल रागाचा एक शब्दही घातला नाही. वाचणाऱ्याला हिमरू म्हणजे काय हेही ठाऊक नसते, त्याला तारखा जुळताना दिसल्या पाहिजेत.

आता वही. त्या दिवशी वेबसाइटवर 18,400 रुपयांची विक्री झाली होती आणि नेहमीचे कमिशन बाजूला ठेवले, तर बँकेत 11,510 आले. घाईत लिहिणारा 11,510 हीच विक्री धरतो. मग चार्जबॅक वहीत कुठेच दिसत नाही आणि विक्रीही कमी दिसते. खरा हिशेब असा: विक्री पूर्ण 18,400. त्यातून वादातले 6,300 आणि गेटवेची फी जीएसटीसह 590 कापली गेली. फीचे 500 खर्चाला, तिच्यावरचा जीएसटी 90 इनपुट क्रेडिटला. उरलेले 6,300 मी खर्चात टाकले नाहीत आणि विक्रीतूनही वजा केले नाहीत. "विवादित येणे" असे खाते उघडून तिथे नावे टाकले. पुरावा भक्कम असेल तोवर ते आपले येणे आहे. पुरावा लंगडा असेल, तर वर्षअखेरीला त्यासाठी तरतूद करावी.

निकालानंतर तीन वाटा असतात. जिंकलो, तर रक्कम परत जमा होते आणि खाते शून्य होते. फी मात्र बहुधा परत मिळत नाही. माल परत आला आणि विक्री रद्द झाली, तर क्रेडिट नोट काढायची: 6,000 विक्रीतून आणि 300 जीएसटीतून कमी. तिसरी वाट कडू आहे. हरलो आणि कापडही ग्राहकाकडेच राहिले, तर ती विक्री परत आली असे म्हणता येत नाही. पूर्ण 6,300 तोट्यात लिहायचे, आणि सरकारला भरलेले 300 केवळ पैसे बुडाले म्हणून परत मिळत नाहीत. पुष्कळ जण इथे क्रेडिट नोट काढून मोकळे होतात आणि पुढे तपासणीत अडकतात.

आम्ही जिंकलो. पैसे आले त्या संध्याकाळी मामू म्हणाले, "चल, आता हे खाते बंद कर." मी ते काही आठवडे उघडेच ठेवले, कारण ग्राहकाची बँक पहिल्या निकालानंतरही प्रकरण पुढे नेऊ शकते. आता मामू प्रत्येक पार्सलनंतर ग्राहकाला स्वतः मेसेज करतात, "कापड मिळाले का? कसे वाटले?" आणि आलेले उत्तर पुसत नाहीत.