पाऊस, चिखल आणि साडेतेरा पौंड

गेल्या पावसाळ्यात मी पुण्याच्या रेसकोर्सवर दोन हजार रुपये घालवले. रक्कम काही फार मोठी नाही. पण ते एका एक्सेल शीटच्या जोरावर घालवले, आणि शीट मीच बनवली होती, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

झालं असं. आमचा मामा वर्षानुवर्षं पुण्याच्या रेसला जातो. खेळतो कमी, बघतो जास्त. त्याच्या खिशात एक छोटी डायरी असते. तिच्यात प्रत्येक शर्यतीपुढे घोड्याचं नाव, वजन, आणि एक शब्द : कडक, बरी किंवा चिखल. हा शेवटचा शब्द जमिनीबद्दल. रेसवाले त्याला गोईंग म्हणतात. पुण्याचा सीझन पावसाळ्यातला आणि मुंबईचा हिवाळ्यातला, त्यामुळे आपल्याकडे हा शब्द फार महत्त्वाचा. तोच घोडा कोरड्या जमिनीवर वेगळा आणि ओल्या जमिनीवर वेगळा. कुणाचे पाय चिखलात रुततात, कुणी त्यातून आरामात निघून जातो.

म्हटलं, ही तर डेटाची गोष्ट आहे. प्रत्येक घोड्याला हँडिकॅपरने दिलेलं रेटिंग असतंच. घोड्याच्या ओल्या जमिनीवरच्या जुन्या धावा एका बाजूला, कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या बाजूला. दोन्हींची सरासरी काढायची आणि पाऊस पडला की तो फरक रेटिंगमध्ये मिळवायचा. दोन वीकेंड खर्च करून शीट तयार केली. एका ओल्या रविवारी तिने एक घोडा सगळ्यांत वर काढला. आधीच्या महिन्यात तो चिखलात सहज जिंकला होता. मी पैसे लावले, आणि घोडा शेवटून दुसरा आला.

मामा हसला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, तो चिखलात जिंकला म्हणूनच तर त्याचं रेटिंग वाढवलं ना? त्या विजयाची किंमत हँडिकॅपरने आधीच लावली होती. तू परत लावलीस."

च्यायला! एकच गोष्ट दोनदा मोजली होती. कोडमध्ये असला बग मी दुसऱ्या कुणाचा असता तर पाच मिनिटांत पकडला असता.

मग मी ठरवलं की आधी एक केस नीट, हातानेच सोडवून बघायची. आपल्याकडच्या घोड्यांची अडचण अशी की मऊ जमीन बहुतेक पुण्यात भेटते आणि कडक मुंबईत. म्हणजे घोडा पुण्यात चांगला धावला तर तो चिखलामुळे, पुण्याच्या ट्रॅकमुळे की सीझनच्या सुरुवातीला ताजातवाना होता म्हणून, हे वेगळं काढता येत नाही. मला एकच रेसकोर्स, एकच अंतर आणि वेगवेगळी जमीन हवी होती. ती इंग्लंडमध्ये सापडली, अ‍ॅस्कटला.

घोड्याचं नाव क्रॅक्समन. ऑक्टोबर 2017 मध्ये अ‍ॅस्कटच्या चॅम्पियन स्टेक्समध्ये, सुमारे दहा फर्लांगांवर, मऊ जमिनीवर त्याने पोएट्स वर्ड नावाच्या घोड्याला 7 लेंग्थने हरवलं. जून 2018 मध्ये तिथेच, तेवढ्याच अंतराच्या प्रिन्स ऑफ वेल्स स्टेक्समध्ये हे दोघे पुन्हा भेटले. या वेळी जमीन 'गुड टू फर्म', म्हणजे कडकच्या बाजूची. पोएट्स वर्ड सव्वादोन लेंग्थने जिंकला आणि क्रॅक्समन दुसरा आला.

आता लेंग्थचे पौंड करायचे. तिकडे रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे एक पौंड वजन. दहा फर्लांगांना एक लेंग्थ मी पावणेदोन पौंडांची धरतो. पण मऊ जमिनीवर दमलेले घोडे शेवटी फार विखुरतात आणि अंतरं फुगतात, म्हणून तिथे दीडच पौंड. तर चिखलात क्रॅक्समन 7 × 1.5 = 10.5 पौंडांनी पुढे, आणि कडक जमिनीवर 2.25 × 1.75 म्हणजे जवळजवळ 4 पौंडांनी मागे. (2017 मध्ये तो तीन वर्षांचा असल्याने त्याला वयाची सवलत होती, पण त्या वयाच्या घोड्याकडून तेवढी कमी अपेक्षाही असते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी कटते असं धरलं.) एकूण फिरकी साडेचौदा पौंडांची.

माझ्या जुन्या शीटने हे साडेचौदाच्या साडेचौदा क्रॅक्समनच्या नावावर टाकले असते. पण ही फिरकी दोघांची मिळून आहे. क्रॅक्समनला चिखल आवडतो, की पोएट्स वर्डला चिखल सोसत नाही? या दोन शर्यतींवरून ते कळूच शकत नाही. मामाच्या भाषेत सांगायचं तर, "कोण जिंकला ते सगळे बघतात, हरलेल्यांना काय झालं होतं ते कुणी विचारत नाही."

इथे तिसरा घोडा कामाला येतो, क्रिस्टल ओशन. जुलै 2018 मध्ये अ‍ॅस्कटच्याच किंग जॉर्जमध्ये, कडक जमिनीवर, पोएट्स वर्डने त्याला फक्त मानेच्या फरकाने हरवलं. (अंतर बारा फर्लांग होतं, तेवढी खोट मान्य.) म्हणजे कडक जमिनीवर हे दोघे जवळपास बरोबरीचे, आणि क्रिस्टल ओशन क्रॅक्समनच्या साडेतीन पौंड पुढे. मग ऑक्टोबर 2018 च्या चॅम्पियन स्टेक्समध्ये मऊ जमिनीवर क्रॅक्समनने त्याच क्रिस्टल ओशनला 6 लेंग्थने मागे टाकलं, म्हणजे 9 पौंड. ही फिरकी साडेबाराची.

प्रतिस्पर्धी वेगळे, पण आकडे जवळपास तेच. दोन्हींत समान असलेला घोडा क्रॅक्समन, म्हणजे फिरकीचा मोठा हिस्सा त्याचाच असणार. आणि क्रिस्टल ओशनला चिखलाचं वावडं नव्हतं, कारण 2019 ची प्रिन्स ऑफ वेल्स त्याने पावसाने भिजलेल्या जमिनीवरच जिंकली. दोन्ही आकड्यांची सरासरी साडेतेरा पौंड.

झालं की मग! मी खूश होऊन मामाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "कडक जमिनीवर तुझा घोडा किती वेळा धावला?"

मी हिशेब परत बघितला आणि गप्प झालो. दोन तुलना होत्या, पण दोन्हींमध्ये कडक बाजूची क्रॅक्समनची धाव एकच होती, जून 2018 ची. त्या दिवशी त्याचा मूड नसेल किंवा शर्यत त्याच्या मनासारखी झाली नसेल, तर माझे दोन्ही आकडे एकदमच चुकणार. शिवाय ऑक्टोबरमध्ये त्याच्या डोळ्यांना पहिल्यांदाच ब्लिंकर्स लावले होते. मग ते 6 लेंग्थ चिखलाचे किती आणि ब्लिंकर्सचे किती?

अशा वेळी आकडा फेकून द्यायचा नाही आणि पूर्ण मानायचाही नाही, तो शून्याकडे ओढायचा. दोन बाजूंपैकी जिकडे कमी धावा असतील ती संख्या n, आणि k म्हणजे आपला संशय :

```
swing = 13.5
n = 1      # कडक जमिनीवरची एकच धाव
k = 3
adj = swing * n / (n + k)   # 3.375
```

साडेतेराचे उरले सव्वातीनच्या आसपास. धावा वाढतील तसा आकडा आपोआप मोठा होतो. दोन्ही बाजूंना अशाच सहा-सहा धावा असत्या तर 9 पौंड मिळाले असते. k मनाने ठरवायचा नाही. मागच्या सीझनमधल्या प्रत्येक घोड्याची शेवटची धाव झाकून ठेवायची, आधीच्या धावांवरून तिचा अंदाज करायचा, आणि ज्या k ला एकूण चूक सर्वांत कमी येते तो घ्यायचा. माझ्या शीटमध्ये तो 3 च्या जवळ आला.

आता मामाचा पहिला धडा. 2018 च्या जागतिक क्रमवारीत क्रॅक्समन 130 रेटिंगसह विन्क्सच्या बरोबरीने अव्वल होता. ते 130 त्याने मऊ जमिनीवरच कमावलेले. म्हणून पाऊस असेल तर त्यात काहीही मिळवायचं नाही, 130 तसेच ठेवायचे. जमीन कडक असेल तर सव्वातीन वजा करून सुमारे 127 धरायचे. रेटिंग कोणत्या जमिनीवर मिळालं हे आधी बघायचं, मग हात लावायचा. हे मी केलं असतं तर माझे दोन हजार वाचले असते.

तुम्ही म्हणाल, एवढं करून शीटवर विश्वास ठेवायचा का? एक प्रामाणिक कबुली देतो. ऑक्टोबर 2018 च्या त्या शर्यतीआधी माझ्या शीटकडे एक मऊ आणि एक कडक, अशा दोनच धावा असत्या. तिने साडेचौदाचे साडेतीनच केले असते, आणि घोडा तर 6 लेंग्थने जिंकला. म्हणजे संशयाची किंमत मोजावी लागते, कधीकधी खरा चिखलवाला घोडाही हातातून सुटतो. पण प्रत्येक क्रॅक्समनमागे एकदाच चिखलात चमकलेले कितीतरी घोडे असतात, आणि माझे पैसे खाणारा त्यांच्यातलाच एक होता.

एक गोष्ट राहिली, 'चिखल' या शब्दाची. छापलेल्या गोईंगवर मी आता डोळे मिटून विसंबत नाही. पेनेट्रोमीटरची दांडी जमिनीत किती रुतली हे त्या वेळचं, त्या जागेचं माप असतं. दुपारी सर आली की ते जुनं झालं. म्हणून त्या दिवसाच्या सगळ्या शर्यतींच्या वेळा घेतो आणि त्या अंतरांच्या नेहमीच्या वेळांशी ताडतो. फर्लांगामागे सगळ्याच शर्यती हळू झाल्या असतील तर जमीन खरंच मऊ होती. एखादीच हळू असेल तर ती शर्यतच रमतगमत धावली गेली, जमिनीचा काही दोष नाही. हा ताळा केल्यावर माझ्या शीटमधल्या बऱ्याच 'मऊ' धावा 'बऱ्या' निघाल्या.

परवा मामाला नवी शीट दाखवली. चष्मा वर करून त्याने सगळे कॉलम बघितले. मग डायरी काढून मी हरलो त्या रविवारचं पान उघडलं. माझ्या घोड्यापुढे त्याने आधीच लिहून ठेवलं होतं : 'चिखलात एकदाच. वजन वाढलंय. बघायचा, लावायचा नाही.'

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू विचारलं कुठे होतंस? तू तर शीट घेऊन आला होतास."

असो. आता शीटमध्ये शेवटी एक कॉलम वाढवलाय. नाव आहे 'मामा'. तो भरल्याशिवाय तिकीट काढायचं नाही असं ठरवलंय.