ग्रहण सुटेपर्यंत

ग्रहणाच्या नमाजेबद्दल माझं मत वर्षानुवर्षं ठाम होतं. दोन रकात नफिल पढायची, हात उचलून दुआ मागायची, की झालं. इकडे दवनीवाड्यात आणि एकूण विदर्भातच बहुतेक मुसलमान हनफी आहेत, त्यामुळे लहानपणापासून हेच ऐकलं आणि हेच केलं. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. ते या नमाजेत एका रकातीत दोन रुकू करतात, हे ऐकून होतो. तपशिलातला फरक आहे, आपली पद्धत सुटसुटीत आहे, असं मी समोरच्याला सांगायचो. आज तसं सांगत नाही. हनफी मी अजूनही आहे, रुकूही एकच करतो. पण ही नमाज कशाने मोजायची, याबद्दलचं माझं मत पार बदललं आहे.

कारण घडलं 31 जानेवारी 2018 च्या चंद्रग्रहणाचं. त्या दिवशी मी रत्नागिरी जिल्ह्यात नातेवाइकांकडे होतो. संध्याकाळी उगवला तो चंद्रच पूर्ण ग्रासलेला, तांबूस. खग्रास अवस्था 7 वाजून 38 मिनिटांपर्यंत होती आणि ग्रहण पुरतं सुटायला 8 वाजून 41 मिनिटं व्हायची होती. मगरिब झाली आणि लोक उठून जायच्या बेतात असताना पुकारा झाला: अस्सलातु जामिआ, म्हणजे नमाजेसाठी एकत्र या. अजान नाही, इकामतही नाही. रोजच्या पाच नमाजांना या दोन्ही गोष्टी असतात. ग्रहणाच्या नमाजेला नुसता हा पुकारा. आमच्याकडे चंद्रग्रहणाला जमातच होत नाही, ज्याने त्याने घरी पढायची. त्यामुळे मी आधी बावरलोच, मग सफेत जाऊन उभा राहिलो.

इमामसाहेबांनी फातिहा पढली आणि पुढे मोठी सूरह सुरू केली, खणखणीत आवाजात. चंद्रग्रहण रात्रीचं, म्हणून शाफई पद्धतीत किराअत मोठ्याने होते. सूर्यग्रहणाला मनातल्या मनात. बराच वेळ उभं राहिल्यावर रुकू झाला, तोही लांब. मग ‘समिअल्लाहु लिमन हमिदह’ म्हणत इमामसाहेब उठले. आता सजदा, हे शरीराला इतकं पाठ झालेलं असतं की माझे गुडघे वाकलेच. शेजारच्या बुजुर्गांनी कोपराने हलकेच थांबवलं. इमामसाहेबांनी पुन्हा हात बांधले होते आणि पुन्हा फातिहापासून सुरुवात केली होती. दुसरा कियाम पहिल्यापेक्षा थोडा कमी, दुसरा रुकूही थोडा कमी. त्यानंतर दोन सजदे, तेही सावकाश. झाली एक रकात. दुसरीही तशीच, फक्त प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड. रकाती दोन, सजदे नेहमीइतकेच चार, पण रुकू चार आणि कियामही चार.

उशिरा आलेला एक मुलगा दुसऱ्या रुकूत सामील झाला होता. आमच्या रोजच्या नमाजेत रुकू सापडला की रकात सापडली असं धरतात. सलाम फिरल्यावर त्याने उठून आणखी एक पूर्ण रकात पढली. मी विचारलं तेव्हा बुजुर्ग म्हणाले, “या नमाजेत रकातीचा पाया पहिला रुकू. तो चुकला तर रकात गेली, दुसरा सापडून उपयोग नाही.” मग इमामसाहेबांनी उभं राहून जुम्यासारखा दोन भागांत खुतबा दिला. हनफी रीतीत तोही नाही.

रात्री मी बुजुर्गांशी वाद घातला. अबू बकरा या सहाबींच्या कथनात हजरत पैगंबरांनी (स.) ग्रहणाच्या वेळी तुमच्या नेहमीच्या नमाजेसारख्याच दोन रकात पढल्याचं येतं, आमच्या इमामांनी तेच धरलं. बुजुर्गांनी हजरत आएशा आणि इब्ने अब्बास यांची कथनं पुढे ठेवली. त्यांत दोन रकातींत चार रुकू आहेत आणि पहिला कियाम जवळपास सूरह बकराइतका होता असं आहे. सूरह बकरा म्हणजे 286 आयती. त्या आकड्यापाशी मी अडखळलो, कारण आम्ही रुकूंची संख्या मोजत बसलो होतो आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट तशीच पडून होती. पैगंबरांनी ग्रहण सुटेपर्यंत नमाज आणि दुआ करायला सांगितलं, हे कोणीच नाकारत नाही. हनफी किताबांतही किराअत लांबवायला सांगितलं आहे, आणि ती आखूड ठेवली तर उरलेला वेळ ग्रहण सुटेपर्यंत दुआत घालवायचा असं आहे. म्हणजे एक रुकू घेतला म्हणून पाच मिनिटांत उठायची मुभा मला माझ्या पंथाने दिलेलीच नव्हती.

रोजच्या नमाजेला घड्याळाने बांधलेली वेळ असते आणि त्या वेळेत ती कधीही पूर्ण करता येते. चुकली तर कझा पढता येते. ग्रहणाच्या नमाजेची वेळ म्हणजे खुद्द ग्रहण. ते सुटलं की वेळ संपली, कझा नाही. पढता पढताच सुटलं, तर हातातली नमाज पूर्ण करायची. म्हणून तिची लांबी इमामाने ग्रहणाकडे पाहून ठरवायची असते.

या नमाजेमागची हकिकतही मला त्यानंतर वेगळी वाटायला लागली. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. अभ्यासक ते 27 जानेवारी 632 चं मानतात. लोक म्हणू लागले की इब्राहिम गेला म्हणून सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाने ते मान्य केलं नाही. कोणाच्या मरणाने वा जगण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ग्रहणात गरोदर बाईने सुरीला हात लावू नये, असं आमच्या मुसलमान घरांतही अजून म्हणतात. ते ऐकलं की मी आता गप्प बसत नाही, ही हकिकत सांगतो.

25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण आलं. आमच्या भागात ते पावणेपाचच्या सुमारास लागलं आणि सूर्य ग्रासलेलाच मावळला. अस्र पढून झाली होती. हनफी मतात अस्रनंतर सूर्यास्तापर्यंत नफिल पढणं मकरूह, त्यामुळे ग्रहणाची नमाजही नाही. कोकणात त्याच वेळी ती पढता येते, कारण शाफई मतात कारणाने येणाऱ्या नमाजेला ती मनाई लागू नाही. पूर्वी मी म्हटलं असतं की नमाजच नाही तर काम संपलं. त्या दिवशी आम्ही चौघे-पाच जण अस्रनंतर चटईवर बसून राहिलो. इस्तिगफार आणि दुआ चालू होती, अगदी मगरिबच्या अजानपर्यंत. एक तरुण दोनदा उठायला लागला, “चाचा, दुआ तर झाली ना?” मी त्याला बाहेर नेऊन भिंतीवर पडलेली पानांआडची उन्हं दाखवली. प्रत्येक ठिपका कोयरीसारखा कापलेला होता. “सुटलंय का?” मी विचारलं. तो आत येऊन बसला.

एका बाबतीत माझं मन अजून ठरत नाही. चंद्रग्रहणाला आमच्याकडे जमात नाही. रात्री-अपरात्री लोकांना गोळा करणं अवघड, हे हनफी इमामांचं कारण मला पटतं. पण एकट्याने घरी अर्धा तास उभं राहणं किती जणांना जमतं, हेही मी पाहिलं आहे. 7 सप्टेंबर 2025 ला ग्रहण रात्री 9 वाजून 57 मिनिटांना लागून 1 वाजून 26 मिनिटांना सुटलं. मी घरीच पढलो. मला सूरह बकरा पूर्ण पाठ नाही, म्हणून पाठ असलेल्या छोट्या सूरह एकामागून एक पढत गेलो, रुकू आणि सजदे लांबवले, थकल्यावर बसून दुआ केली. मुलाने विचारलं की अब्बा, किती रकात पढलात? दोनच, मी म्हणालो.