डेमोनंतरचं पत्र

बहारीनमधलं अराद म्हणजे मुहर्रक बेटावरचं, विमानतळाला खेटून असलेलं गाव. पर्यटक तिथे येतात तो जुना किल्ला बघायला. मी मात्र तिथल्या एका रहिवासी इमारतीच्या तळघरात बराच वेळ काढला आहे. एसीचं थंड पाणी फिरवणाऱ्या पंपांवर आम्ही कंपन मोजणारे सेन्सर बसवतो, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्याचाच डेमो तिथे दिला होता.

डेमो झकास झाला. चालू पंपाचं कंपन सेकंदाला 2.1 मिलिमीटर दिसत होतं. पायाचा एक बोल्ट अर्धा फेरा सैल केला आणि आकडा 4.6 वर गेला. सगळे खूश! मालकांच्या माणसाने चहा मागवला, "इन्शाल्ला, लवकरच" म्हणाला, आणि आम्ही निघालो. आता तुम्हाला वाटेल, काम झालं. नाही हो. खरं काम दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये असतं.

कारण तो मेल वाचणारा महत्त्वाचा माणूस डेमोला हजरच नसतो. पैसे मंजूर करणारे गृहस्थ वरच्या मजल्यावर. त्यांना बोल्ट दिसलेला नाही, चहा मिळालेला नाही. त्यांच्यासाठी डेमो म्हणजे तेवढं एक पान.

त्या पानात मी आधी "काय दाखवलं" ते लिहितो आणि लगेच खाली "काय विचारलं गेलं, पण दाखवलं नाही". हा दुसरा भाग बहुतेक लोक गाळतात. तिथल्या मल्याळी सुपरवायझरने विचारलं होतं, "बेअरिंग जाणार हे किती दिवस आधी कळेल?" आमच्या विक्रीवाल्या मित्राचं म्हणणं, या प्रश्नाला मेलमध्ये हात लावू नकोस. मी लावला. लिहिलं की आम्ही सैल बोल्ट पकडून दाखवला, बेअरिंगचा बिघाड नाही. बिघाड वाढत गेला तर कंपन सहसा वाढत जातं, पण दिवसांचा आकडा देता येणार नाही, त्यामुळे ग्रीसिंग आणि ठरलेल्या फेऱ्या चालूच ठेवाव्यात. हे लिहिलं नसतं तर वरच्या मजल्यावर कुणीतरी हिशेब केला असता, की मशीन लक्ष ठेवतंय तर माणूस कशाला? आणि अरादच्या जुलैमध्ये, चाळीस अंशाच्या वर, पंप बंद पडला असता तर घराघरातल्या म्हाताऱ्यांचे आणि तान्ह्या पोरांचे हाल झाले असते.

मग पुढची कामं. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख. "आमची टीम", "पुढच्या आठवड्यात" असलं काही नाही. बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार, आमच्या पुण्याच्या कारखान्याला रविवारची. आठवडा नेमका सुरू कधी होतो यावरच दोन मतं! आणि 2/12 लिहिलं तर कुणी ते बारा फेब्रुवारी वाचेल. म्हणून वार घालून, महिना अक्षरात. बुधवार 24 नोव्हेंबरला गेलेल्या मेलचा सारांश असा: सुपरवायझर रविवार 28 नोव्हेंबरपर्यंत सहा पंपांच्या नेमप्लेटचे फोटो पाठवतील, मी सोमवार 29 ला तळघरातला वायफाय मोजीन, आणि प्रपोजल गुरुवार 2 डिसेंबरला मिळेल. फोटो जितके दिवस उशिरा येतील, तितके दिवस प्रपोजलही पुढे जाईल. हे शेवटचं वाक्य जरा कोरडं वाटतं, पण ते नसलं की उशीर त्यांचा आणि बोलणी आपल्याला.

अशा मेलला "धन्यवाद, नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं की मला धाकधूक होते. बहुधा कुणी वाचलेलं नसतं. चूक काढणारं उत्तर सगळ्यात चांगलं. सुपरवायझरने फोटो पाठवताना कळवलं, पंप सहा नाहीत, पाचच. सहावा केव्हाच काढून टाकलाय.

तर प्रपोजल पाच सेन्सरचं झालं. प्रत्येकी 185.000 दिनार, एकूण 925.000. एका दिनाराचे हजार फिल्स, म्हणून पूर्णविरामानंतर तीन शून्यं. पुण्यातल्या अकाउंटंटने ते आधी सव्वानऊ लाख असं वाचलं आणि फोनवर माझं अभिनंदन केलं! असो.

पहिल्या पानावर प्रपोजलची तारीख आणि मुदत: 31 डिसेंबर 2021. त्याखाली एक ओळ, की व्हॅट किमतीत धरलेला नाही, तो पुरवठ्याच्या वेळी लागू असलेल्या दराने पडेल. तेव्हा दर 5 टक्के होता आणि तो वाढणार असं बोललं जात होतं. म्हणून मी दोन्ही रकमा लिहून टाकल्या: 5 टक्क्यांनी 46.250 दिनार, 10 टक्क्यांनी 92.500. शिवाय 16 आणि 17 डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी, तेव्हा वर्ष संपायच्या आत माल हवा तर ऑर्डर कोणत्या दिवसापर्यंत यायला हवी, तेही लिहिलं. 1 जानेवारी 2022 पासून दर खरोखरच 10 टक्के झाला.

ऑर्डर आली ती पाचपैकी तीनच सेन्सरची. सोबत वरच्या मजल्यावरून एक अट होती: ग्रीसिंगचं वेळापत्रक पंपांशेजारी भिंतीवर लावून द्यायचं.