दोन मिनिटांचं माप

ब्लाउज शिवणाऱ्या वहिनीच्या वहीत प्रत्येक बाईचं एक पान आहे. वर नाव आणि खाली नुसते आकडे. उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, मग पुढचा आणि मागचा गळा, हा क्रम तिच्या हाताला इतका पाठ की शेजारी शब्द लिहायची गरजच पडत नाही. काही आकड्यांवर रेघ आणि बाजूला नवा आकडा. कुणाचं बाळंतपण झालं, कुणाला डॉक्टरांनी साखर सांगितली. शहाडच्या आमच्या गल्लीची तब्येत त्या वहीत आहे, फक्त वाचता यायला हवी.

ही वही फोनमध्ये नेणारं ॲप भाच्याने केलं आणि गूगल प्लेवर दाखवायच्या व्हिडिओची संहिता माझ्याकडे आली. ॲपलच्या स्टोअरमध्ये असा व्हिडिओ तीस सेकंदांपुढे जाऊ देत नाहीत. गूगल प्लेवर यूट्यूबची लिंक द्यायची असते, म्हणून दोन मिनिटं तरी मिळतात. पण त्यातही मेख आहे. आपोआप चालतात ती पहिली तीस सेकंदंच, आणि तीही बहुतेक वेळा आवाजाविना. म्हणजे "नमस्कार मैत्रिणींनो" बाद, फिरत येणारा लोगोही बाद. पहिल्या अर्ध्या मिनिटात मुक्यानेच सगळं कळायला हवं.

काय दाखवायचं, ते वहिनीनेच ठरवलं. ती म्हणाली, "ताई, माप घ्यायला शिकवू नका हो. शिवणारीला ते येतंच. माप अंगाचं की ब्लाउजचं, एवढं तुमच्या फोनने विचारलं तरी पुष्कळ झालं."

घरी शिवणारीकडे निम्म्या बायका मापाचा ब्लाउज पिशवीतून पाठवतात. समजा, बाईची छाती अंगावर ३६ इंच आहे. वहिनी दीड इंच सैल ठेवते, म्हणजे तयार ब्लाउज साडेसदतीस. तो ब्लाउज टेबलावर पसरून कुणी मोजला आणि नुसतं साडेसदतीस लिहून ठेवलं, तर दिवाळीच्या गर्दीत तेच अंगाचं माप समजून पुन्हा दीड इंच वाढवलं जातं. एकोणचाळीसचा ब्लाउज तयार! काखेपाशी चुण्या पडतात, खांदा उतरतो, आणि उसवायला वेळ नसतो. आत माया कितीही सोडलेली असो, ती ब्लाउज सैल करायच्या कामाची. इथे घट्ट करायचा असतो.

म्हणून पहिली तीस सेकंदं अशी. वहीचं पान, त्यावर ३७½. अक्षरं उमटतात: "हे माप अंगाचं की ब्लाउजचं?" लगेच ॲपचा पडदा: "मोठ्या काकू", खाली दोन बटणं, "अंगावरून" आणि "ब्लाउजवरून". दुसरं दाबलं की आकड्याशेजारी छोटं ब्लाउजचं चित्र येतं आणि तारीख पडते. बस. पडद्यावर बोट दिसत नाही. गूगलचाही सल्ला असा की माणसांचे हात दाखवण्यापेक्षा ॲपच दाखवा.

उरलेल्या दीड मिनिटात बोलायला दीडशे शब्द पुरतात. त्याहून जास्त घातले की सांगणारी धापा टाकते. त्यातलं सगळ्यात सावकाश दृश्य आकडे भरण्याचं. आपल्याकडे कुणी "चौदा पॉइंट टू फाइव्ह" म्हणत नाही, सव्वाचौदा म्हणतात. १४ लिहिलं की खाली ¼, ½, ¾ अशी बटणं येतात, ती जवळून दाखवायची. मग मागच्या गळ्याच्या डिझाइनचा फोटो, द्यायची तारीख, आणि नेट नसतानाही पान उघडतं ते. शिलाईचा हिशोब, रंगीत थीम वगैरे मी गाळलं. भाचा थोडा हिरमुसला, पण दोन मिनिटांत सगळं कोंबलं तर कुणाच्या काहीच लक्षात राहत नाही.

आवाज ध्वनिमुद्रित करायचा म्हणजे शहाडमध्ये रुळांशी भांडण. लोकल, मेल, मालगाडी, मधे शांतता मिळेल तेवढीच आपली. वहिनीच्या शिवायला आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून बोललं की आवाज घुमत नाही, हा फुकटचा स्टुडिओ. मशीनची घरघर मात्र मुद्दाम वेगळी टिपून ठेवली, फोटोच्या दृश्याखाली घालायला.

या ॲपने ब्लाउज चांगला बसेल, असं वाक्य संहितेत नाही. खांदा उतरता आहे की पाठ पुढे झुकलेली, हे आकड्यांत येत नाही. ते शिवणारीच्या डोळ्याचं काम. ॲप फक्त माप कुठून घेतलं आणि केव्हा घेतलं, एवढंच विसरू देत नाही.

असा व्हिडिओ कुणी करणार असाल, तर पडद्यावर खऱ्या गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, मापं अजिबात दाखवू नका. बायका ती विश्वासाने सांगतात. आणि यूट्यूबवर चढवताना जाहिराती बंद ठेवा. अनलिस्टेड व्हिडिओ गूगल प्लेवर चालतो, प्रायव्हेट चालत नाही.